सिस्कोनंतर कोण? नाशिकच्या एका क्विझमधल्या भांडणाचा पंचनामा

आमचा एक सात-आठ जणांचा ग्रुप आहे, स्टार ट्रेक ह्या अंतराळातल्या टीव्ही सिरीजवाला. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, मिसळ-पाव मागवायची, दोन एपिसोड बघायचे आणि मग भांडायचं, एवढाच कार्यक्रम. ह्या पावसाळ्यात एका रविवारी इंदिरानगरला माझ्याकडे जमलो होतो, बाहेर धो धो पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय ह्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर येत होते, म्हणजे घरी कोणालाच लवकर जायचं नव्हतं. त्यामुळे मी क्विझ काढलं. आणि त्या क्विझच्या सातव्या प्रश्नावर जे काही झालं ते सगळं इथं लिहून ठेवतेय, कारण चूक माझी होती आणि ती नेमकी कुठं होती हे मला त्या भांडणातूनच कळलं.

प्रश्न असा होता: "डीप स्पेस नाइनवर सिस्कोनंतर दुसऱ्या नंबरवर कोण? हुद्दा आणि प्रजाती दोन्ही सांगा."

ज्यांनी ही सिरीज बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीप स्पेस नाइन १९९३ साली सुरू झाली, सात सीझन चालली, १९९९ ला संपली. बाकीच्या ट्रेकसारखी ही फिरतं जहाज घेऊन जात नाही, एका जागी असलेल्या स्टेशनवर घडते. स्टेशन बांधलं कार्डेशियन लोकांनी, बेजोर नावाच्या ग्रहावर त्यांचा कब्जा होता तेव्हा. कब्जा संपला, कार्डेशियन गेले, आणि बेजोरच्या सरकारने फेडरेशनला, म्हणजे अनेक ग्रहांच्या संघाला, बोलावलं की तुम्ही येऊन हे चालवा. फेडरेशनने आपली फौज, म्हणजे स्टारफ्लीट, पाठवली आणि सिस्कोला स्टेशनचा प्रमुख केलं. म्हणजे जागा बेजोरची, कारभार स्टारफ्लीटचा. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळं भांडण ह्याच्यातूनच निघतं.

तीन टीम होत्या, तीन उत्तरं आली. पहिली टीम म्हणजे कॉलेजरोडची दोन इंजिनिअरिंगची पोरं, ते म्हणाले किरा, मेजर, बेजोरन. दुसरी टीम माझी वहिनी आणि दादा, ते म्हणाले डॅक्स, लेफ्टनंट, ट्रिल. तिसऱ्या टीमला माझी मावसबहीण आणि पाथर्डी फाट्याचा एक मित्र, त्यांनी ठासून सांगितलं वॉर्फ, लेफ्टनंट कमांडर, क्लिंगॉन. माझ्या कार्डावर किरा लिहिलेलं होतं. मी पहिल्या टीमला दहा गुण दिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले, तर वहिनीने कार्ड माझ्या हातातून ओढूनच घेतलं.

"तू 'दुसऱ्या नंबरवर' विचारलंस, 'फर्स्ट ऑफिसर कोण' असं विचारलं नाहीस. किरा स्टारफ्लीटमध्येच नाहीये, मग सिस्कोच्या रांगेत दुसरी कशी?"

आणि ह्याच वेळी काका बोलले. काका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील, देवळाली कॅम्पला राहतात, तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झाले. ते एपिसोड बघायला येत नाहीत, मिसळ खायला येतात, आणि त्या दिवशी पावसात अडकले होते म्हणून बसले होते. त्यांनी विचारलं, हा सिस्को कोण? मी म्हणाले कॅप्टन. आणि ही बाई? मेजर. काका हसले. म्हणाले, "पोरी, मग ती त्याची साहेब झाली ना. मेजर कॅप्टनच्या वर असतो."

खोलीत एकदम शांतता. बारा वर्षं आम्ही ही सिरीज बघतोय आणि देवळालीच्या इतक्या जवळ राहून हा प्रश्न एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नव्हता.

तर आधी हे सोडवू, कारण हे सगळ्यात सोपं आहे. स्टारफ्लीटच्या रँका आर्मीच्या नाहीत, नेव्हीच्या आहेत. आपल्याकडेसुद्धा नेव्हीचा कॅप्टन आणि आर्मीचा कॅप्टन ह्यांचं फक्त नाव सारखं, वजन वेगळं. नेव्हीचा लेफ्टनंट कमांडर म्हणजे आर्मीचा मेजर, नेव्हीचा कमांडर म्हणजे लेफ्टनंट कर्नल, आणि नेव्हीचा कॅप्टन म्हणजे थेट कर्नलच्या बरोबरीचा. काकांना हे माहीत होतंच, त्यांना फक्त हे माहीत नव्हतं की अंतराळातल्या लोकांनी नेव्ही उचललीये. आणि किराची बेजोरन मिलिशिया मात्र आर्मीसारखी आहे, तिथं मेजर, कर्नल, जनरल असतात. म्हणजे एकाच स्टेशनवर दोन वेगळ्या फौजांची नावं एकत्र नांदतात, आणि कॅप्टन हा शब्द आर्मीत आणि नेव्हीत वेगळ्या पायरीवर बसतो.

त्यात अजून एक गंमत. पहिल्या तीन सीझनमध्ये सिस्को कॅप्टन नव्हताच, कमांडर होता. तो कॅप्टन झाला तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये, १९९५ ला. आपल्या तक्त्याने लावलं तर सुरवातीला सिस्को लेफ्टनंट कर्नलच्या पायरीवर आणि किरा मेजर, म्हणजे एक पायरी खाली, व्यवस्थित जमतं. मग सिस्को कर्नलच्या पायरीवर जातो, किरा तिथंच राहते, तेही जमतं. पण सातव्या सीझनच्या सुरवातीला किरा कर्नल झालेली दिसते. आता दोघं एकाच पायरीवर! तरी सिस्को आला की किरा खुर्ची सोडते, काहीही कुरकुर न करता. का?

इथं काकांनी जो शब्द वापरला तो मला फार आवडला. म्हणाले, "रँक वेगळी, अपॉइंटमेंट वेगळी. युनिटचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, एकच असतो, बाकी कितीही कर्नल येऊन चहा पिऊन जाऊ देत. आणि सीओच्या खाली जो असतो तो टू आय सी."

टू आय सी. सेकंड इन कमांड. फर्स्ट ऑफिसर म्हणजे नेमकं हेच, आणि आम्ही इतकी वर्षं 'फर्स्ट' ह्या शब्दाने गोंधळत होतो की पहिला असून दुसरा कसा. रँक ही माणसाला चिकटलेली असते, तो बदली होऊन गेला तरी बरोबर नेतो. अपॉइंटमेंट ही जागेला चिकटलेली असते, माणूस गेला की दुसरा येऊन बसतो. किरा मेजर आहे हे तिच्याबद्दलचं वाक्य झालं, फर्स्ट ऑफिसर आहे हे स्टेशनबद्दलचं.

आणि ही जागा बेजोरच्या हातातली आहे ह्याला सिरीजमध्येच पुरावा आहे. दुसऱ्या सीझनच्या सुरवातीला तीन भागांची एक गोष्ट आहे, त्यात बेजोरचा एक मंत्री किराला परत बोलावून घेतो आणि तिच्या जागी ली नालास नावाच्या एका प्रसिद्ध स्वातंत्र्यसैनिकाला पाठवून देतो. सिस्कोला विचारलं जात नाही, फक्त सांगितलं जातं. ली नालासला जहाज-स्टेशन चालवायचा काडीचा अनुभव नाही, त्याच्यासाठी तर 'नॅव्हार्क' नावाचा नवाच हुद्दा तयार केलाय, आणि बिचाऱ्याला स्वतःलाच हे सगळं ओझं वाटतं. सिस्को चिडतो पण हा आदेश तो रद्द करू शकत नाही. म्हणजे स्टारफ्लीट कारभार करते पण टू आय सी कोण हे बेजोर ठरवतं. राजकारण आहे हे सरळ सरळ. ज्याची जागा त्याचा एक माणूस ऑफिसात बसणार, आपल्याकडे पण कुठल्याही भागीदारीच्या धंद्यात हेच होतं.

तर किरा हे उत्तर बरोबर. पण वहिनीचं डॅक्स चूक होतं का?

इथं मी अडकले. कारण वहिनीचा मुद्दा असा की तुला जर स्टारफ्लीटची रांग विचारायची असेल तर पहिल्या सीझनला सिस्कोखाली सगळ्यात वरचा स्टारफ्लीट ऑफिसर लेफ्टनंट जॅडझिया डॅक्स आहे. डॉक्टर बशीर लेफ्टनंट ज्युनिअर ग्रेड, म्हणजे एक पायरी खाली. आणि ओब्रायन तर ऑफिसरच नाही. हे ऐकून दादा म्हणाला, काय सांगतेस, आख्खं स्टेशन तोच तर चालवतो. हो, चालवतो, चीफ ऑफ ऑपरेशन्स आहे, पण कमिशन्ड ऑफिसर नाही. आधीच्या सिरीजमध्ये, म्हणजे नेक्स्ट जनरेशनमध्ये, त्याच्या कॉलरवर कधी ऑफिसरचे ठिपके दिसतात, एका एपिसोडमध्ये त्याला लेफ्टनंट म्हणून हाकसुद्धा मारलीये, आणि मग १९९० च्या एका एपिसोडमध्ये वॉर्फचे वडील, जे स्वतः चीफ पेटी ऑफिसर होते, त्याला आपल्यातलाच एक म्हणून भेटतात आणि तिथून पुढे तो चीफच राहिला. लिहिणाऱ्यांनी आधी ठरवलंच नव्हतं, हे उघड आहे. काकांना ओब्रायन एकदम पटला. "हा आमचा सुभेदार मेजर," म्हणाले. "साहेब लोक येतात जातात, युनिट हाच चालवतो." अगदी तंतोतंत नाही बसत, कारण आपल्या जेसीओंसारखी मधली पायरी त्यांच्याकडे नाही, पण भाव तोच.

डॅक्सच्या उत्तरात दुसरी एक अडचण आहे आणि ती हुद्द्याची नाही, प्रजातीची आहे. मी प्रश्नात प्रजाती विचारली होती ती उगाच, प्रश्न भरगच्च वाटावा म्हणून. पण डॅक्सच्या बाबतीत प्रजाती हेच तर उत्तर गुंतागुंतीचं करतं. ट्रिल दिसायला माणसासारखे, कपाळापासून मानेवरून खाली ठिपक्यांची रांग, पण काही निवडक ट्रिलच्या पोटात एक सिंबायंट राहतो, शेकडो वर्षं जगणारा, एक यजमान मेला की दुसऱ्यात जातो आणि आधीच्या सगळ्यांच्या आठवणी बरोबर नेतो. डॅक्स हे त्या सिंबायंटचं नाव. जॅडझिया ही त्याची आठवी यजमान. सातवा होता कर्झन, म्हातारा राजदूत, सिस्कोचा गुरू आणि मित्र, म्हणून सिस्को त्या तरुण पोरीला 'म्हातारबा' म्हणून हाक मारतो आणि नवीन बघणारा माणूस येडा होतो.

मग सहाव्या सीझनच्या शेवटी, १९९८ ला, जॅडझिया मरते आणि डॅक्स जातो एझरी नावाच्या मुलीत. आता बघा: जॅडझिया डॅक्स सायन्स ऑफिसर, मरेपर्यंत लेफ्टनंट कमांडर झालेली. एझरी डॅक्स काउन्सेलर, आली तेव्हा एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालची पायरी, मग लेफ्टनंट ज्युनिअर ग्रेड. आठवणी त्याच, आडनाव तेच, काम वेगळं आणि हुद्दा जवळजवळ तळाला. सिंबायंटला रँक मिळत नाही, यजमानाला मिळते. त्यामुळे कोणी "डॅक्सचा हुद्दा काय" विचारलं तर आधी विचारायचं, कुठली डॅक्स? हे मी कार्डावर लिहिलं नव्हतं. वहिनीने तरी 'लेफ्टनंट' सांगितलं म्हणजे तिच्या डोक्यात पहिल्या सीझनची जॅडझिया होती एवढं कळतं.

आता तिसरी टीम. वॉर्फवाली. हे उत्तर मला सगळ्यात आधी हसू आणणारं वाटलं होतं, कारण वॉर्फ तर चौथ्या सीझनला आला, १९९५ ला, आणि आला तो स्ट्रॅटेजिक ऑपरेशन्स ऑफिसर म्हणून, फर्स्ट ऑफिसर म्हणून नाही. पण मावसबहिणीचं म्हणणं असं की सिस्कोकडे तिसऱ्या सीझनपासून डिफायंट नावाचं लढाऊ जहाज आहे, सिस्को त्याचाही कॅप्टन, आणि सिस्को नसला की बऱ्याचदा वॉर्फ त्याच्या खुर्चीत. शिवाय वॉर्फचा शर्ट लाल. लाल म्हणजे कमांड. डॅक्सचा निळा, म्हणजे सायन्स. मग कमांडच्या रांगेत वॉर्फच पुढे.

शर्टाच्या रंगावरून ठरवणं ही चूक इतके लोक करतात की थांबून सांगते. १९६६ च्या मूळ सिरीजमध्ये कमांडवाले सोनेरी-पिवळे आणि इंजिनिअरिंग-सिक्युरिटीवाले लाल. १९८७ ला नेक्स्ट जनरेशन आली तेव्हा हे उलटं केलं, कमांड लाल, ऑपरेशन्स पिवळं. निळा दोन्हीकडे सायन्स आणि मेडिकल. म्हणजे आधी कुठली सिरीज ते बघा. आणि दुसरं, रंग खातं सांगतो, हुद्दा सांगत नाही आणि खुर्चीत बसायचा हक्क तर अजिबात सांगत नाही. ह्याचा पुरावा खुद्द डॅक्स: सहाव्या सीझनच्या सुरवातीला ॲडमिरल रॉस सिस्कोला आपल्या ऑफिसात घेतो, तेव्हा डिफायंट कोण नेतं? निळ्या शर्टवाली जॅडझिया. आणि तेव्हा तिला जहाजावर कॅप्टन म्हणतात, हुद्दा लेफ्टनंट कमांडर असला तरी, कारण नेव्हीची जुनी रीत आहे, जहाज ज्याच्या हातात तो कॅप्टन. म्हणजे कॅप्टन हा शब्द एकाच वेळी हुद्दा पण आहे आणि खुर्ची पण आहे. काकांच्या भाषेत रँक पण आणि अपॉइंटमेंट पण. अर्धी भांडणं ह्या एका शब्दाने लावलीयेत.

वॉर्फ तेव्हा कुठं होता? मार्टोक नावाच्या क्लिंगॉन जनरलच्या जहाजावर. आणि वॉर्फचं कमांडचं पुढं काय झालं ते पण मावसबहिणीला आठवलं नव्हतं: सहाव्या सीझनमध्येच एका मोहिमेवर जखमी जॅडझियाला, म्हणजे त्याच्या बायकोला, जंगलात मरायला सोडून पुढं जायचं की परत फिरायचं असा प्रसंग येतो, तो परत फिरतो, ज्या माणसाला आणायचं होतं तो मारला जातो, आणि सिस्को त्याला सांगतो की ह्या नोंदीनंतर तुला स्वतःचं जहाज बहुतेक कधीच मिळणार नाही. लाल शर्ट असून.

बरं, ठिपक्यांवरून तरी निकाल लागावा म्हणून मी लॅपटॉपवर एपिसोड लावला आणि पॉज केला. नेक्स्ट जनरेशनपासून पुढच्या ह्या युनिफॉर्मवर कॉलरला गोल ठिपके असतात, अंगावर घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे आपल्याला समोरून डावीकडे दिसतात. चार भरीव म्हणजे कॅप्टन, तीन भरीव म्हणजे कमांडर, दोन भरीव आणि एक पोकळ म्हणजे लेफ्टनंट कमांडर, दोन भरीव म्हणजे लेफ्टनंट, एक भरीव एक पोकळ म्हणजे ज्युनिअर ग्रेड, एकच भरीव म्हणजे एन्साइन. सोपंय. पण डीप स्पेस नाइन ही अंधारी सिरीज आहे, स्टेशनवर कायम संध्याकाळ, आणि पोकळ ठिपका हा प्रत्यक्षात सोनेरी कडा असलेला काळा ठिपका असतो. करड्या कॉलरवर, अंधाऱ्या सीनमध्ये, नेट स्लो असताना तो चक्क गायब होतो. आम्ही चौथ्या सीझनचा एक सीन पॉज करून बसलो होतो, सात डोकी एका स्क्रीनवर, आणि जॅडझियाच्या कॉलरवर दादाला दोन ठिपके दिसत होते, मला अडीच. शेवटी ब्राइटनेस फुल केला, पडदे ओढले, तेव्हा तिसऱ्याची बारीक कडा चमकली. लेफ्टनंट कमांडर. म्हणजे वॉर्फच्या बरोबरीची. त्यामुळे कोणाचा हुद्दा स्क्रीनवरून ओळखायचा असेल तर चेहऱ्यावर उजेड असलेला क्लोजअप शोधा, लांबून दिसलेले दोन ठिपके हे दोनच असतील असं धरू नका.

किराच्या बाबतीत तर हा उपाय चालतच नाही, तिचा युनिफॉर्मच वेगळा. कॉलेजरोडच्या पोरांपैकी एकाला इतके दिवस वाटत होतं की तिच्या उजव्या कानातली ती साखळीवाली बाळी हेच तिचं रँकचं चिन्ह आहे. नाही रे बाबा. ती बेजोरन लोकांची धर्माची आणि घराण्याची खूण आहे, साधे नागरिक पण घालतात. आणि अजून एक, किरा हे तिचं आडनाव. किरा नेरिस, बेजोरन लोक आडनाव आधी लावतात, शाळेच्या हजेरीत आपलं असतं तसंच. म्हणून 'मेजर किरा' बरोबर आणि 'मेजर नेरिस' चूक. नेक्स्ट जनरेशनमध्ये रो लॅरेन नावाची बेजोरन एन्साइन येते, तिला जहाजाचा कॅप्टन पिकार्ड पहिल्याच भेटीत 'एन्साइन लॅरेन' म्हणतो आणि ती तिथल्या तिथं त्याची चूक दुरुस्त करते. हुद्द्यापुढे कुठलं नाव लावायचं हे पण प्रजातीवर ठरतं, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवली.

इथपर्यंत आलो तेव्हा मिसळीचा रस्सा गार झाला होता आणि काकांनी शेवटचा बॉम्ब टाकला. म्हणाले, अपॉइंटमेंट मोठी हे ठीक, पण समजा सीओ बाहेर गेलाय, टू आय सी बसलाय, आणि वरचा ब्रिगेडियर येऊन म्हणाला की आता मी चालवतो, तर?

हे घडलंय. मूळ सिरीजमध्ये, १९६७ च्या 'द डूम्सडे मशीन' ह्या एपिसोडमध्ये, आणि हुद्दा विरुद्ध जागा ह्याचं इतकं स्वच्छ उदाहरण अख्ख्या ट्रेकमध्ये दुसरं नाही असं माझं मत आहे. ग्रह गिळत सुटलेलं एक अवाढव्य यंत्र आहे. त्याने कॉन्स्टेलेशन नावाचं जहाज मोडून टाकलंय, त्याचा कमोडोर डेकर एकटाच वाचलाय, त्याने सगळी माणसं एका ग्रहावर उतरवली होती आणि यंत्राने तो ग्रहच खाल्ला. एंटरप्राइज ह्या जहाजाचा कॅप्टन कर्क आणि इंजिनिअर स्कॉटी त्या मोडक्या जहाजावर दुरुस्तीला थांबलेत. डेकरला एंटरप्राइजवर आणलंय. तिथं खुर्चीत स्पॉक आहे, फर्स्ट ऑफिसर. आणि डेकर, अर्धा वेडा झालेला, सूडाला पेटलेला, म्हणतो की मी कमोडोर आहे, जहाज माझ्या ताब्यात द्या.

स्पॉक देतो! नियम क्रमांक १०४, सेक्शन बी, वरचा हुद्दा हजर असेल तर तो ताबा घेऊ शकतो. मॅकॉय भडकतो, डॉक्टर म्हणून त्याला अधिकार आहे की हा माणूस कमांडला अयोग्य आहे असं लिहून द्यायचं, त्याच नियमाचा सेक्शन सी. पण स्पॉक विचारतो, तू त्याला तपासलंयस का? कागद आहे का? नाहीये. तपासायला वेळच मिळाला नाही. बिनकागदाचा डॉक्टर काही करू शकत नाही. मग डेकर जहाज यंत्राच्या तोंडात घालायला लागतो तेव्हा स्पॉक दुसरा मार्ग काढतो: आता तुम्ही वळला नाहीत तर हा आत्महत्येचा प्रयत्न ठरेल, आणि तो पुरावा धरून मी तुम्हाला बाजूला करीन. डेकर वळतो. म्हणजे नियम पाळूनच नियमातून वाट काढली.

आणि शेवटी कर्क रेडिओवर येतो. कॅप्टन, कमोडोरपेक्षा एक पायरी खाली. तो स्पॉकला सांगतो की एंटरप्राइजचा कॅप्टन म्हणून माझ्या स्वतःच्या अधिकारात आदेश देतोय, ताबा घे. आणि इथं स्पॉक हुद्दा बघत नाही, जागा बघतो. तो डेकरला सांगतो की माझं ऐकलं नाहीत तर अटक करीन. डेकर उठतो.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आमच्याकडं चाललं नसतं. कॅप्टनने ब्रिगेडियरला उठवलं तर इन्क्वायरी लागेल." मला पण तसंच वाटतं खरं. कर्क नियमाचा नंबर सांगत नाही, 'माझ्या अधिकारात' म्हणतो, म्हणजे त्याच्याकडे नंबर नव्हता. डेकर पुढे गार्डला आडवं करून शटल चोरून त्या यंत्रात घुसला आणि मेला, म्हणून ती इन्क्वायरी कधी लागली नाही. जिवंत राहिला असता तर कर्कची नोकरी जाऊ शकली असती.

तर सातव्या प्रश्नाचा निकाल. मी तिन्ही टीमला गुण दिले नाहीत आणि पहिल्या टीमचे दहा परत घेतले, त्यावर पोरांनी प्रचंड आरडाओरडा केला. माझं म्हणणं असं की प्रश्नात चार गोष्टी पाहिजे होत्या आणि मी एकच दिली होती: स्टेशन की डिफायंट, कुठला सीझन, हुद्द्याची रांग की अपॉइंटमेंट, आणि कोणाच्या फौजेत. 'स्टेशनचा टू आय सी' विचारलं असतं तर किरा. 'पहिल्या सीझनमध्ये सिस्कोखालचा सगळ्यात वरचा स्टारफ्लीट ऑफिसर' विचारलं असतं तर जॅडझिया डॅक्स. पाचव्या किंवा सहाव्या सीझनला तोच प्रश्न असता तर वॉर्फ आणि डॅक्स बरोबरीत. आणि सीझन न सांगता "सिस्को नसताना स्टेशन कोणाच्या ताब्यात" असं विचारलं असतं तर एक महाभाग नक्की 'गुल डुकाट' म्हणाला असता आणि तेही बरोबर ठरलं असतं, कारण पाचव्या सीझनच्या शेवटी स्टारफ्लीट स्टेशन सोडून जाते, सहाव्याच्या सुरवातीचे काही एपिसोड तिथं कार्डेशियन डुकाट बसलेला असतो, आणि किरा तेव्हाही तिथंच असते, बेजोरची माणूस म्हणून, कारण बेजोरने युद्धात न पडायचा करार केलेला असतो. सिस्को गेला, मालक बदलला, तरी किराची जागा हलली नाही!

पोरांचं म्हणणं की प्रश्न चुकीचा असला तरी कार्डावरचं उत्तर त्यांनीच दिलं, मग गुण का कापायचे. काकांनी त्यांची बाजू घेतली. शेवटी पाच-पाच सगळ्यांना आणि पोरांना सात असं ठरलं, जे कुठल्याच नियमात बसत नाही. काकांना सोडायला मी देवळालीपर्यंत गेले, पाऊस थांबला होता. उतरताना त्यांनी विचारलं की पुढच्या वेळी कधी जमताय, तो सुभेदार असतो तो एपिसोड लावा.